मागच्या दोन खोल्या आणि पुढचं अंगण

आईच्या तेराव्याला पंगत उठली आणि दादाने मला नि धाकट्या बहिणीला ओसरीवर बोलावून एक कागद पुढे केला. हक्कसोडपत्र.

"सही करा. सगळीकडं बहिणी करत्यात," तो म्हणाला.

घर आणि कासारसाईकडची जमीन आईला तिच्या वडिलांनी बक्षीसपत्राने दिलेली. आमचे वडील आधीच गेलेले, आईचं मृत्युपत्र नव्हतं. म्हणजे तिघांचा सारखा वाटा. धाकटीने कागद परत सरकवला. मग मीही.

नवरा गेल्यापासून मी आईजवळ मागच्या दोन खोल्यांत राहत होते, दादा पुढच्या भागात. दुसऱ्याच दिवशी त्याने मधल्या दाराला कुलूप घातलं आणि अंगणाचं फाटक बंद केलं. मला बाहेर पडायला उरली ती आमची भिंत आणि शेजारचा गोठा यांच्यामधली बोळ. तिथून खांदा तिरका करून जावं लागे. गॅसची टाकी डोक्यावर धरून आणायची.

आम्ही दोघी बहिणींनी वाटपाचा दावा लावला. कोर्टाने 'जैसे थे' ठेवायला सांगितलं. मग मला गळका पत्रा बदलता येईना, दादाला हिंजवडीच्या नोकरदारांसाठी खोल्या बांधता येईनात. तीन वर्षं अशी गेली. रात्रंदिवस त्याचा खोकला भिंतीतून ऐकू यायचा आणि मी काढा करून नेऊ शकत नव्हते. घर सोडून जावं तर हक्क सोडल्यासारखं होईल, या भीतीने मी चार दिवससुद्धा धाकटीकडे राहायला गेले नाही.

एके दिवशी न्यायाधीश म्हणाले, "मध्यस्थीला बसा. नाही जमलं तर खटला आहेच." तिघांनी होकार दिला.

कोर्टाच्याच इमारतीतल्या खोलीत मध्यस्थ वकीलबाई होत्या. त्यांनी आधीच सांगितलं, "मी निकाल देणार नाही. इथलं बोलणं कोर्टात पुरावा म्हणून वापरता येणार नाही." पहिली बैठक आरडाओरड्यात गेली. दुसरीला त्यांनी प्रत्येकाला वेगळं बसवलं.

"तिसरा हिस्सा मिळाला समजा," त्यांनी मला विचारलं. "मग सकाळी उठल्यावर काय बदलेल?"

मी म्हणाले, "अंगणातून बाहेर पडता येईल."

त्या दादाकडे जाऊन परत आल्या. "त्यांनी हे तुम्हाला सांगायची परवानगी दिली आहे. आई जाताना मला बोलावलं नाही, असं ते म्हणतात."

आई गेली त्या दुपारी ती मला म्हणाली होती, "त्याला बोलव." दादा शेतावर होता. सकाळीच तिच्या औषधांवरून माझं नि त्याचं भांडण झालेलं. येईल संध्याकाळी आपणहून, असं म्हणून मी फोन केला नाही. तासाभरात ती गेली. सगळ्यांना मी सांगितलं की अचानक झालं, बोललीसुद्धा नाही.

तिघं एकत्र बसल्यावर मी ते सांगून टाकलं.

"तीन वर्सं मी म्हनतोय, माझं नाव न घेता आई गेली कशी," दादा म्हणाला. मग मान वळवून, "हे मी इसरनार न्हाई. आता कागदाचं काय ते बोला."

त्यानंतर दोन बैठका लागल्या. मागच्या दोन खोल्या आणि अंगणातून जायची कायमची वाट मला. पुढचं घर आणि शेताचा मोठा तुकडा दादाला. रस्त्यालगतचा तुकडा धाकटीला. नकाशावर रेघा ओढल्या, वाटेची रुंदीसुद्धा लिहिली. बाईंनी एकेक कलम मराठीत वाचून दाखवलं. आम्ही आणि वकिलांनी पानापानावर सह्या केल्या आणि तडजोडीचा कागद न्यायाधीशांकडे गेला.

"राजीखुशीनं सही केलीत? कुणाचा दबाव?" त्यांनी एकेकाला विचारलं.

"नाही," मी म्हणाले. तडजोडीप्रमाणे हुकूमनामा झाला. बाहेर आल्यावर आमच्या वकिलांनी समजावलं, "संमतीचा हुकूमनामा आहे, आता अपील नाही. कुणी मोडला तर कोर्टातून अंमलबजावणी करून घेता येते. मनात आलं म्हणून कुणाला मागे फिरता येणार नाही." सुटका झाली असं वाटायला हवं होतं. त्याऐवजी, आता या भिंतीशी आणि या भावाशी मी जन्मभर बांधली गेले, असं वाटलं.

फाटक उघडलं. मी रोज अंगणातून जाते; दादा पेपर तोंडासमोर धरतो.

जमिनीच्या वाटपासाठी आणि मोजणीसाठी पौडच्या तहसील कचेरीत खेपा झाल्या; जमीन माझ्या वाट्याला नसली तरी वारस म्हणून मलाही जावं लागे. फेरफाराची नोंद मंजूर झाली त्या दिवशी आम्ही तिघं तलाठ्याच्या कार्यालयात एका बाकावर बसलो होतो. नवे सातबारे हातात आले. मी माझ्या चष्म्याची काच पुसत होते, तेवढ्यात दादाने धाकटीचा उतारा ओढून घेतला आणि ओळीवर बोट ठेवलं.

"नाव नीट वाच," तो तिला म्हणाला. "चुकलं आसलं तर तिघांस्नी परत हितं यावं लागंल."

तिने मोठ्याने वाचलं. बरोबर होतं. आम्ही उठलो.