काजवाल्या मावशीचं उसवलेलं पाकीट

मावशीच्या गाळ्यात दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने दारातून बोलायचं. एक मशीन, एक इस्त्री, बटणांचे डबे. एकतीस वर्षं ती इथे शिंप्यांचे शर्ट घेऊन काजं करून द्यायची. काजवाली मावशी म्हणूनच सगळे ओळखायचे. मी चळवळीतला, म्हणून मला ती ‘पुढारी’ म्हणायची, आणि त्यात कौतुक कमी, टोमणा जास्त असायचा.

भाडेकरारात एक कलम होतं. मुदत संपायच्या तीन महिने आधी, म्हणजे हे सगळं घडलं त्याच महिन्याच्या तीस तारखेच्या आत, मावशीचं लेखी पत्र मालकाला मिळालं तर गाळा आणखी नऊ वर्षं तिचा. नाही मिळालं तर रिकामा करायचा. मालकाला तो पाडून मोठं दुकान काढायचं होतं, हे गल्लीतल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं.

मीच तिला बसवून पत्र लिहवलं. रजिस्टर पोस्टाने, पोचपावती लावून धाडलं. बावीस तारखेला पाकीट परत आलं. पोस्टमनचा शेरा: घेण्यास नकार. मी त्या आठवड्यात मोर्च्याच्या गडबडीत होतो. नाहीतर तिथल्या तिथे सांगितलं असतं की मावशी, हे पाकीट म्हणजे तुझा गाळा आहे, कपाटात ठेव आणि हात लावू नकोस. नकार दिला तरी कायदा पत्र मिळालं असंच धरतो.

पण मावशीच्या धंद्यात परत आलेला माल तसाच ठेवत नाहीत. उसवायचा, नीट करायचा, पुन्हा द्यायचा. तिने टाके उसवायच्या हत्याराने पाकिटाची कड उघडली, इतक्या सफाईने की कागद कुठे फाटला नाही. पत्र बाहेर काढलं, झेरॉक्स घेतली आणि चोवीस तारखेला मूळ पत्र मालकाच्या ऑफिसात कारकुनाच्या हातात दिलं. त्याने झेरॉक्सवर सही केली. पोच घ्यायची असते हे मीच शिकवलेलं. सहीखाली तारीख घालून घ्यायची, शिक्का मारून घ्यायचा, हे मी शिकवलं नव्हतं. तिच्या भाचीने त्याच दिवशी मालकाला ईमेलही केला: ‘करार वाढवण्याबाबतचं पत्र सोबत जोडलं आहे.’ जोडायचं मात्र राहून गेलं.

मालकाने दावा लावला. पत्र मिळालं, पण पुढच्या महिन्यात, असं त्याचं म्हणणं.

कोर्टात मावशीने तिन्ही कागद पुढे केले. मालकाच्या वकिलाने पाकीट उचलून उजेडात धरलं.

“बाई, हे कोणी उघडलं?”

“मीच.”

“मग आत हेच पत्र होतं कशावरून? याआधी छत गळतंय म्हणूनही तुम्ही रजिस्टरने पत्र धाडलं होतं ना?”

“ते दोन वर्षांमागे. यात हेच होतं. मी लिहिलंय, मला माहीत नसणार का?”

“बंद असतं तर आत्ता साहेबांसमोर उघडलं असतं. सगळ्यांनाच कळलं असतं.”

ईमेलमध्ये पत्र नव्हतं, आणि मालक म्हणाला तो पत्ता आम्ही बघतच नाही. कारकून नोकरी सोडून गेलेला. त्याला समन्स काढून आणला. तो भला माणूस, खोटं बोलला नाही. सही माझीच म्हणाला, दिवस आठवत नाही म्हणाला. आठवणार कसा, दिवसाला वीस सह्या करायचा.

म्हणजे पाकिटाला तारीख होती, पण पत्र नव्हतं. झेरॉक्सला पत्र होतं, पण मिळाल्याची तारीख नव्हती. एकतीस वर्षांत जिचं एक काज बटणाला सोडून पडलं नाही, तिचे तीन कागद एकमेकांत अडकेनात. निकाल मालकाच्या बाजूने लागला. मी कोर्टाच्या जिन्यावर शिव्या दिल्या, अपील करू म्हणालो. आमच्या वकीलबाई नुसत्या फाईल बांधत राहिल्या. वर तरी नवा पुरावा कुठून आणणार, एवढंच म्हणाल्या.

पंधरा दिवसांनी मी गाळ्यात होतो तेव्हा पोस्टमन रजिस्टर घेऊन आला. पाकिटावर मालकाच्या वकिलाचं नाव, आत ताबा द्या म्हणूनच असणार हे उघड होतं. माझं डोकं फिरलं.

“घेऊ नकोस मावशी. परत पाठव.”

“नकार दिला तरी मिळालंच धरतात. केस चालू असताना तूच म्हणालास ना, पुढारी?”

तिने पोस्टमनचं पेन घेतलं. सही केली. मग चष्मा सारखा करून सहीखाली तारीख घातली, भिंतीवरच्या घड्याळात बघून वेळ घातली, अक्षरन्अक्षर वाचता येईल असं. पोस्टमन म्हणाला, मावशी, एवढं लागत नाही.

“लागतं,” ती म्हणाली, आणि पाकीट न उघडता बटणांच्या डब्यात ठेवून दिलं.