काकूंची पाच मिनिटं

“अजून पाच मिनिटं राहू दे,” हे काकूंचं कायमचं वाक्य. एकवीस वर्षं आमच्या बेकरीतला केक त्यांच्या हातचा. वहीत लिहिलेलं असे : एकशे ऐंशी अंश, पन्नास मिनिटं. वर त्यांची पाच मिनिटं. मी तेव्हा शेजारी मैदा मोजायचो.

जुना ओव्हन वरखाली तापणारा. तो गेला आणि मालकांनी पंख्याचा आणला. पहिल्या दिवशी काकूंनी वहीप्रमाणेच लावलं. केक बाहेरून काळे, वर तडा, आणि कापला तर मध्ये ओलसर. मालक ओरडले नाहीत, तेच वाईट. एवढंच म्हणाले, की गुरुवारी वृद्धाश्रमाचे बारा केक असेच निघाले, तर पुढचे बाहेरून मागवू. मग काकूंनी बिस्किटांची पाकिटं भरावीत.

काकूंनी ओव्हन बसवून गेलेल्या मिस्त्रीला फोन लावला. त्याने सांगितलं, जुन्या ओव्हनमध्ये हवा डब्याभोवती निवांत बसते. पंखा तिला बसू देत नाही, सारखी गरम हवा डब्यावर येऊन आदळते. म्हणून वीस अंश खाली या, आणि पाऊण वेळ झाला की बघायला लागा.

फोन ठेवून काकू माझ्याकडे वळल्या. “आच कमी केली तर वेळ वाढायला हवा ना रे? हा तर दोन्ही कापायला सांगतोय. कच्चाच राहणार.”

मला काय कळणार. मी म्हणालो, मिस्त्रीनेच बसवलाय.

“बसवलाय त्याने. खाणारे नावं मला ठेवतील.”

गुरुवारी त्यांनी एकशे साठ लावले. हात पदराला तीनदा पुसला. डबे सुटे सुटे ठेवले, मध्ये वारा फिरेल इतके. मग काचेसमोर स्टूल घेऊन बसल्या. पंखा घुमत होता. पंचविसाव्या मिनिटाला केकांचा रंग चढायला लागला आणि काकूंचा उतरायला. दार उघडायला हात गेला, पण मध्येच उघडलं तर केक बसतो, म्हणून त्यांनी तो मांडीखाली दाबून ठेवला.

अडतीस मिनिटांनी दार उघडलं. काडी टोचली. टोकाला थोडं ओलं पीठ.

मालक दारात येऊन उभे राहिले होते. काकूंच्या ओठांवर ते वाक्य आलं, मला दिसलं. त्या थांबल्या. दार लावून काचेतून केकांच्या कडांकडे बघितलं.

“तीन,” त्या म्हणाल्या.

ती तीन मिनिटं फार लांबली. काडी कोरडी आली.

काकूंनी चवीसाठी लावलेला तेरावा केक कापला. मालकांनी तुकडा खाल्ला आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला. काकूंनी वही काढली, पन्नास खोडलं नाही, शेजारी एक्केचाळीस लिहिलं, आणि रोजचं काम संपल्यासारख्या पदर सावरून मागच्या दाराने घरी निघाल्या. मालक तोंडात घास तसाच ठेवून, त्या कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत राहिले, मीही.