उपविजेतेपदाची ओळ

लंडनमधल्या ईलिंगच्या बॅडमिंटन क्लबला ज्युनियर्ससाठी कोच हवी होती. कस्तुरी देवस्थळीने अर्जासोबत स्वतःबद्दलचं एक पान लिहून दिलं. त्यात राज्य विजेतेपदं तीन, राष्ट्रीय दुहेरीत उपविजेती १९९१, संघाची कर्णधार, सगळं होतं.

क्लबची सेक्रेटरी नीना तिची जुनी मैत्रीण. तिने पान वाचून पेन उघडलं.

"पदकं तुझी आहेत गं. मुलांच्या हाती काय लागणार ते कुठंय?"

मग दोघी ओळ ओळ घेऊन बसल्या. बारा वर्षं दुहेरी खेळली, म्हणजे जोडीदाराच्या मागे-पुढे कसं सरकायचं ते शिकवता येईल. उंची कमी, म्हणून पायांवर मेहनत घेतली. तर लहान चणीच्या मुलांना कोर्ट कसं झाकायचं ते दाखवता येईल. शेवटी कोचिंगचं लेव्हल वन सर्टिफिकेट, फर्स्ट एड आणि सीआरबी, म्हणजे गुन्हे नोंदीची तपासणी.

"आता एक्क्याण्णव. फायनल हरून काय शिकलीस?"

कस्तुरीने ती ओळ तशीच सोडून पानाची घडी घातली.

तेव्हा ती बावीस वर्षांची होती आणि तिची जोडीदार यमुना सतरा. आठवडाभर यमुनाची टाच ठणकत होती. "सरांना सांगू नकोस, ते बाहेर बसवतील. एकच मॅच आहे," असं कस्तुरीनेच तिला बजावलं होतं. तिसऱ्या गेममध्ये टाचेमागची शीर तुटली. काठी मोडल्यासारखा आवाज झाला. यमुना पुन्हा कधी खेळली नाही.

रविवारी सकाळी कस्तुरीने नागपूरला फोन लावला. सोळा वर्षांत पहिल्यांदाच.

"कोचच्या अर्जात मला त्या फायनलचं खरं लिहायचंय, यमुना."

"लिही. माझं नाव घालू नकोस," यमुना म्हणाली. "आणि आता माफी मागू नकोस. मला उत्तर द्यावं लागेल." फोन ठेवला गेला.

कस्तुरीने लिहिलं: 'राष्ट्रीय उपविजेती, १९९१. जोडीदाराची दुखापत मी लपवायला लावली, तिचा खेळ कायमचा संपला. माझ्या कोर्टवर दुखतंय म्हणणाऱ्या मुलाला त्याच क्षणी थांबवलं जाईल.'

कमिटीने ते वाचलं, तासभर प्रश्न विचारले आणि तिला असिस्टंट म्हणून घेतलं. लेव्हल टू होईपर्यंत हेड कोचच्या देखरेखीखाली, फक्त शनिवारी.

पहिल्या शनिवारी हॉलबाहेरच्या बोर्डवर तिचा फोटो लागला होता. खाली मजकूर: 'राष्ट्रीय उपविजेती, १९९१.' पुढची दोन वाक्यं नव्हती.

"पालक घाबरतील म्हणून काढली," नीना हळूच म्हणाली. "कमिटीकडे पूर्ण पान आहे ना."

"तिची टाच गेली आणि माझं उपविजेतेपद राहिलं, असं झालं हे."

कस्तुरीने बोर्डवरच्या पिना काढल्या, कागदाची घडी ट्रॅकसूटच्या खिशात घातली आणि शटल्सची बादली उचलून ती आत गेली.