बाळसं की सूज

पुन्हा दिवस गेले म्हणून मी थोरल्याचं अंगावरचं दूध तोडलं आणि त्याला नुसत्या तांदळाच्या पेजेवर ठेवलं. गाल टम्म झाले. जावेचं दूध आटलेलं, तिचा पोर हाडं-कातडं. तिला नि तिच्या पोराला महाडच्या डॉक्टरांकडे नेताना मी शहाणी माझ्या पोराचं बाळसं मिरवत गेले.

डॉक्टरांनी माझ्याच पोराचं पाऊल अंगठ्याने दाबलं. खळगा तसाच राहिला.

"बाई, ही सूज आहे. त्या वाळलेल्या पोराला सगळंच अन्न कमी पडलं. याला पेज मिळते, पण दूध-डाळ नाही, म्हणून अंगात पाणी साठलंय."

दोघांना आधी थोडं थोडं दूध, मग मुगाचं कढण, अंडं. सूज उतरली तसा माझा पोर वाळका दिसू लागला.

"डॉक्टरांनी पोर वितळवला गो," मी रडले.

"येडे, आता तो आपणहून खायला मागतोय बघ," जाऊ म्हणाली.

डॉक्टरांचा तो अंगठा मी आजही देवासारखा आठवते.