डेव्हिएशनवर पास केलेल्या पिना

अंबरनाथच्या एमआयडीसीत मी इन्स्पेक्शनला होतो तेव्हा माझं वय सव्वीस होतं आणि राग नाकाच्या शेंड्यावर होता. बाहेरून बनवून आलेला माल मोजायचा, बरोबर असेल तर हिरवं लेबल, चूक असेल तर लाल. एवढंच काम. पण त्या दोन लेबलांच्या जोरावर मी एमआयडीसीच्या रस्त्यावरून जणू अख्खी वसाहत माझ्या बापाची असल्यासारखा चालायचो. आज आठवलं की माझं मलाच हसू येतं, आणि लगेच येईनासं होतं.

त्या दिवसांत मी एक शहाणपणा केला होता. प्रत्येक पार्टचं ड्रॉइंग म्हणजे टेबलाएवढा कागद. तो उलगडा, पसरा, कोपऱ्यांवर वजनं ठेवा, मोजा, परत घड्या घाला. कोण करणार रोज? मी पुठ्ठ्याची कार्डं कापली आणि एकेका पार्टची मापं त्यावर सुवाच्य अक्षरात उतरवून घेतली. कार्ड हातात धरायचं आणि मायक्रोमीटर लावत सुटायचं. दोन दिवसांचं काम एका दिवसात होऊ लागलं. मोठे साहेब, म्हणजे आमचे वर्क्स मॅनेजर, त्यांनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर माझं कार्ड उंच धरून दाखवलं. "याला म्हणतात डोकं!" मी आठवडाभर हवेत होतो.

कार्डावर मी मापं उतरवली होती. ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात टिपा असतात, त्या उतरवल्या नव्हत्या. टिपा कोण वाचतो!

उल्हासनगरला कॅम्प नंबर तीनमध्ये, जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांच्या गल्लीत, एका गाळ्यात दोन लेथ मशीन घेऊन एक मिस्त्री काम करायचे. पन्नाशीचे, संगमेश्वरकडचे, पूर्वी एका मोठ्या कंपनीच्या टूलरूममध्ये होते. ती बंद पडल्यावर स्वतःचं सुरू केलं. त्यांच्याकडे निम्म्याहून जास्त काम आमचं असायचं. आमच्याकडे नियम असा होता की वर्षात तीन वेळा माल चुकला की सप्लायरचं नाव यादीतून कमी. मिस्त्रींच्या नावावर दोन चुका आधीच लागल्या होत्या. एकदा कडांना धार राहिली होती, एकदा लांबी कमी भरली होती. दोन्ही वेळा ते आले, पिना हातात घेऊन बघितल्या, म्हणाले, "चुकलं साहेब. परत करून देतो." एका शब्दाने वाद घातला नव्हता.

तिसऱ्या खेपेला आठशे पिना आल्या. झिंक प्लेटिंग केलेल्या, चकचकीत. माझ्या कार्डावर जाडी होती: जास्तीत जास्त बारा मिलिमीटर, कमीत कमी अकरा पॉइंट सत्त्याण्णव. मी दहा पिना उचलल्या, मायक्रोमीटर लावला. बारा पॉइंट शून्य एक. परत बारा पॉइंट शून्य एक. सगळ्याच वर. मी खोकी बाजूला लावली, लाल लेबल चिकटवलं आणि 'जाडी जास्त' असा शेरा मारला. तिसरी चूक. मला वाईट वाटलं का? खरं सांगतो, नाही वाटलं. मनात आलं, म्हातारा आता ढिला पडलाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री आले. शर्टाला इस्त्री, काखेत गुंडाळलेलं ड्रॉइंग. मोठे साहेब तेव्हा माझ्याच टेबलाशी उभे होते. मिस्त्रींनी दोघांना नमस्कार केला.

"साहेब, रागावू नका. मला वाटतं, माल बरोबर आहे."

"मिस्त्री, मायक्रोमीटर खोटं बोलत नाही," मी म्हणालो. "बारा शून्य एक येतंय. मी काय घरून मोजून आलो का?"

"तुमचं मोजणं बरोबरच आहे साहेब. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही." त्यांनी ड्रॉइंग माझ्या टेबलावर पसरलं. आमचंच ड्रॉइंग, आमच्याच कंपनीचा शिक्का. तेलकट बोट कागदाला लागू नये म्हणून खिशातलं पेन काढून त्याच्या बंद टोकाने त्यांनी खालचा कोपरा दाखवला. "ही टीप क्रमांक चार जरा बघता का?"

टीप क्रमांक चार: सर्व मापे प्लेटिंगच्या आधीची.

मी वाचली आणि माझ्या कानांतून वाफा निघाल्या. प्लेटिंग म्हणजे पिनेवर झिंकचा थर. थर चढला की पिन शतांशाने का होईना, जाड होणारच. मी थरासकट मोजून माल फेकला होता. ऑर्डरच्या कागदावरही लिहिलं होतं, 'ड्रॉइंगप्रमाणे, टिपांसहित'. मिस्त्रींनी तोही आणला होता. त्या ओळीखाली पेन्सिलीने बारीक रेघ मारलेली होती, पुसता येईल अशी.

"पण थर चढायच्या आधी ती बरोबर होती हे कशावरून?" मी म्हणालो. तोंड बंद ठेवायला काय झालं होतं मला!

"बरोबर विचारलंत," मिस्त्री म्हणाले. "माझी मोजमापाची वही आणलीय, पण ती माझीच. तुम्ही त्यावर कशाला विश्वास ठेवायचा? तुमच्या ढिगातल्या तीन पिना तुम्हीच उचला. तुमच्या लॅबमध्ये पातळ ॲसिडात घाला. झिंक उतरलं की लगेच बाहेर काढायच्या, धुवायच्या, मग मोजा."

मोठ्या साहेबांना तेवढ्यात फोन आला आणि ते "बघून घ्या रे" म्हणत केबिनमध्ये गेले. मी तीन पिना घेऊन लॅबमध्ये गेलो. झिंक फसफसत उतरलं. धुतल्या, पुसल्या, मोजल्या. अकरा पॉइंट अठ्ठ्याण्णव, अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव. तिन्ही मापात चोख.

आता करायचं काय होतं? लाल लेबल फाडायचं, शेरा रद्द करायचा, 'इन्स्पेक्शनची चूक' असं लिहून सही करायची. पाच मिनिटांचं काम. पण मग साहेब विचारणार, चूक कशी झाली? कार्डावर टीप नव्हती. कार्ड कोणाचं? आणि बाकीच्या कार्डांवर टिपा आहेत का? एकाही कार्डावर नव्हत्या. मीटिंगमध्ये उंच धरलेलं ते कार्ड मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं.

मी तिसराच रस्ता काढला. शेऱ्यापुढे लिहिलं: 'डेव्हिएशनवर पास.' म्हणजे माल चुकलेला आहे, पण यावेळी चालवून घेतो. वर मोठ्या मनाने मिस्त्रींना सांगितलंसुद्धा, "जा, घेतला तुमचा माल. काळजी करू नका."

माझी अपेक्षा होती की ते हात जोडतील. त्यांनी शेरा नीट वाचला.

"साहेब, उपकार आहेत तुमचे. पण डेव्हिएशन नको. माल बरोबर आहे, तेवढंच लिहा. डेव्हिएशनसुद्धा यादीत चूक म्हणूनच धरतात."

"अहो, माल घेतला ना? मग आता काय डोक्यावर बसता?"

माझ्यापेक्षा दुप्पट वयाचा माणूस माझ्यासमोर उभा होता आणि मी त्याला हे म्हणालो. जिभेला काही हाड? त्यांनी ड्रॉइंगची गुंडाळी केली, परत नमस्कार केला आणि गेले.

चार दिवसांनी त्यांचं पत्र आलं. मुलीच्या हातचं अक्षर असावं, वळणदार. 'आपल्या तपासणीबद्दल आदर आहे. तथापि टीप क्रमांक चारनुसार व आपल्याच लॅबमधील मोजमापानुसार माल योग्य आढळला आहे. तरी शेऱ्यात दुरुस्ती व्हावी ही विनंती.' त्यात ना राग, ना रडगाणं. माझ्या कार्डांबद्दल चकार शब्द नाही. त्यांना कार्डांचं माहीतच नव्हतं. मी ते पत्र ड्रॉवरमध्ये सर्वांत खाली ठेवलं. त्याच आठवड्यात, सगळे घरी गेल्यावर थांबून, मी एकेका कार्डावर टिपा उतरवल्या. म्हणजे चूक कळली होती. सुधारतही होतो. फक्त कोणाला दिसू नये एवढी खबरदारी घेत होतो, हरामखोर कुठला.

मार्चअखेरीला सप्लायरांच्या यादीची मीटिंग झाली. मोठ्या साहेबांनी एकेक नाव वाचलं. मिस्त्रींचं आलं. "तीन. कमी करा." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "चांगला मिस्त्री होता रे. तिसरी काय होती?" टेबलाशी झालेलं ते बोलणं त्यांच्या लक्षातही नव्हतं.

मला विचारलं होतं. सरळ मलाच विचारलं होतं. पत्र वीस पावलांवर ड्रॉवरमध्ये होतं.

"जाडी," मी म्हणालो.

साहेबांनी रेघ मारली आणि पुढचं नाव वाचलं.

यादीतून नाव गेलं की कंपनीची ड्रॉइंग परत द्यावी लागतात. मिस्त्री एप्रिलमध्ये आले. आता गेटच्या आत यायचा पास नव्हता, म्हणून मला गेटवर बोलावलं. टाळता आलं असतं तर टाळलं असतं, पण पोच म्हणून इन्स्पेक्शनचीच सही लागायची. वॉचमन एका ट्रकचे कागद तपासायला रस्त्यावर गेला होता. केबिनमध्ये आम्ही दोघंच.

त्यांनी अकरा ड्रॉइंग माझ्यासमोर मोजून ठेवली. एकाचीही घडी फाटलेली नव्हती. पिनेचं ड्रॉइंगही त्यात होतं. तो त्यांच्याजवळचा टीप क्रमांक चारचा एकुलता एक पुरावा, आणि तो ते नियमाप्रमाणे मलाच आणून देत होते.

"एक लेथ विकला साहेब," ते म्हणाले. तक्रार म्हणून नाही, एखादी बातमी सांगावी तसं. "एकावर चाललंय."

मी पोचपावतीवर सही केली. पावती खिशात घालून ते दाराशी गेले आणि थांबले.

"साहेब, एक विचारू? आता कामासाठी नाही विचारत. त्या आठशे पिना. माल बरोबर होता ना?"

मी म्हणालो, "हो. बरोबर होता. एकूण एक पिन बरोबर होती. चूक माझी होती."

त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "बास," म्हणाले, "घरी सांगतो." आणि इतक्या मनापासून मला नमस्कार केला, की जणू मी त्यांचं नाव यादीत परत लावलं होतं.

मी ते बोललो, कारण ऐकायला तिथे दुसरं कोणी नव्हतं.