निरोगी गालाच्या काचा

त्वचारोग विभागाच्या तळमजल्यावरच्या लॅबमध्ये ताईंची बावीस वर्षं गेली. लोकांचे चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत, त्या चेहऱ्यांवरून घेतलेल्या नमुन्यांच्या काचा राहत. कुणी भेटून म्हणालं, "ओळखलंत का?" की त्या मनातल्या मनात त्याच्या गालाची काच शोधायला लागत.

चेहऱ्यावरचे बारीक किडे मोजणं हे त्यांचं खास काम. नाव डेमोडेक्स, लांबी मिलिमीटरचा जेमतेम तिसरा हिस्सा, पुढच्या बाजूला आठ आखूड पाय आणि मागे शेपटीसारखं लांबट अंग. केसांच्या मुळाशी डोकं खाली करून राहतात. मोठ्या माणसांपैकी बहुतेकांच्या चेहऱ्यावर असतात आणि बहुतेकांना आयुष्यभर त्यांचा पत्ताही लागत नाही.

हे लोकांना पटवणं मात्र महाकठीण. मागे एक केस कापणारा आला होता. कुणीतरी मोबाईलच्या भिंगातून त्याला त्याचे किडे दाखवले होते. गड्याने घाबरून आठ दिवस स्पिरिटने तोंड पुसलं आणि भाजल्यासारखं करून घेतलं.

"दोन किडे आहेत तुमच्या काचेत," ताई त्याला म्हणाल्या होत्या. "दोन माझ्याही निघतील. पाहुणे आहेत, राहू द्या."

"पण पाहुणे वाढले तर?"

"एका चौरस सेंटीमीटरला पाचाच्या वर गेले, आणि वर चेहरा लाल, खरखरीत, खाजरा झाला, तर डॉक्टर औषध देतील. नुसता आकडा म्हणजे आजार नाही. तुमचा चेहरा लाल झालाय तो स्पिरिटने."

मग एका वर्षी विभागात चिमणी आली. खरं नाव वेगळं, पण आवाज बारीक आणि तोंड अखंड चालू, म्हणून सगळे चिमणीच म्हणत. बावीस वर्षांची, हुशार, घरापासून लांब खोली करून राहणारी. ताईंच्या मुलीच्याच वयाची. ताई डब्यात दोन पोळ्या जास्त आणायला लागल्या आणि हातचं काही राखून न ठेवता शिकवायला लागल्या.

"खरवडून काही हाती लागत नाही, ते खोल असतात. काचेच्या मागच्या बाजूला सेंटीमीटरचा चौकोन आखायचा. पुढच्या बाजूला चटकन चिकटणाऱ्या गोंदाचा एक थेंब. गालावर टेकवायचं, मिनिटभर थांबायचं, मग हळूच उचलायचं. वरचा पापुद्रा आणि मुळांतला ऐवज अख्खा काचेवर येतो. मग तेलाचा थेंब, वर झाकणकाच, आणि लगेच मोजायचं."

"मी सराव कुणावर करू, ताई?"

"माझा गाल आहे की. निरोगी माणसाची काच कशी दिसते ते तरी कळेल तुला."

आठवड्यातून दोनदा, जेवणाच्या सुट्टीत, चिमणी ताईंच्या उजव्या गालावर काच टेकवायची. गाल चुरचुरायचा, संध्याकाळपर्यंत लालसर राहायचा. घरी नवऱ्याने विचारलं, "कुणी मारलं का?" ताई म्हणाल्या, "विद्यार्थिनीने."

त्याच सुमारास विभागप्रमुख असलेल्या मोठ्या मॅडमनी एक अभ्यास हाती घेतला. लाल चेहऱ्याचे तीस रुग्ण आणि तीस निरोगी माणसं. दोघांचे आकडे ताडून विभागाने आपली रेघ ठरवायची, की किती किड्यांपासून रिपोर्टवर 'जास्त' असं लिहायचं. काचा गोळा करायच्या चिमणीने, मोजायच्या ताईंनी. कुठली काच कुणाची हे ताईंना कळू नये म्हणून प्रत्येकीवर फक्त नंबर. यादी चिमणीच्या कुलपात.

सेहेचाळीस नंबरची काच मोजताना ताई थांबल्या. किडा एकही नव्हता. पण चौकोनाच्या कोपऱ्यात एका गुळगुळीत गोल खळग्याचा ठसा होता. बाकी कातडीवर बारीक रेषांची जाळी, तिथे मात्र काही नाही. त्याच्या बाजूला तीन छिद्रं, एका ओळीत, मधलं थोडं खाली उतरलेलं. हे आपण कुठेतरी पाहिलंय, असं त्यांना वाटलं. त्यांनी जुनी पेटी उघडली. एकतीस नंबर. तोच खळगा, तीच तीन छिद्रं. अडतिसातही तेच.

भिंग हातात घेऊन त्या हात धुवायच्या बेसिनवरच्या आरशासमोर गेल्या. काचेवर कातडीचा ठसा उलटा येतो, म्हणजे आरशात दिसतो तसाच. लहानपणी कांजिण्यांनी उजव्या गालावर ठेवलेला खळगा आणि शेजारची तीन छिद्रं त्यांना समोर दिसली. त्या परत येऊन पेटीतली एकेक काच पुन्हा भिंगाखाली घालायला लागल्या.

संध्याकाळपर्यंत त्यांच्याच गालाच्या अकरा काचा निघाल्या. आणि पुन्हा पुन्हा त्याच जागेवर गोंद लावल्याने पुढच्या काचांत किडे जवळजवळ संपलेच होते. अकरा निरोगी माणसं, सगळी शून्य नाही तर एक.

चिमणी पर्स खांद्याला लावून निघाली होती. ताईंनी काचा तिच्यासमोर ओळीने मांडल्या.

"या कुणाच्या?"

चिमणीने एकदाच पाहिलं. "माणसं तयारच होत नाहीत हो ताई! गालाला गोंद म्हटलं की पळतात. मॅडम रोज विचारतात, किती झाले, किती झाले."

"म्हणून माझ्या अकरा केल्यास?"

"तुम्ही निरोगीच आहात ना? खोटं काय आहे त्यात?"

"माणूस एक आहे, चिमणे. आणि त्या एकीला तू उपसून रिकामी केलीस. उद्या निरोगी म्हणजे शून्य असं ठरलं, तर दोन किडेवाला आजारी होईल. त्याला औषध चोळायला लावणार तू?"

"तुम्ही सांगू नका ना. मला काढून टाकतील. आईसारख्या आहात तुम्ही मला."

ताई एकेक काच उचलून पेटीत ठेवायला लागल्या. सहा आठवडे ही पोरगी आपल्या गालावर काच टेकवून, 'दुखतंय का, ताई?' असं विचारत होती. पाठ फिरताच तीच काच नंबर घालून आपल्याच पुढ्यात ठेवत होती, आणि आपण डोळ्यांत तेल घालून मोजत होतो. चोरी झाली ती झालीच, पण चोरीचा माल आपल्याच हातांनी तपासून घेतला गेला.

"आईने शिकवलं असतं तर असं केलं असतंस?" त्या एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या मॅडमच्या खोलीत गेल्या. पुरावा हवा होता. आपल्या गालाची काच त्यांनी सकाळीच स्वतः घेतली होती. चिमणीला हात लावू दिला नव्हता. मॅडमनी बारा काचा एकामागून एक भिंगाखाली पाहिल्या आणि खुर्चीत मागे टेकल्या.

"चिमणीला आवरायला तुम्ही होतात ना हो?" त्या म्हणाल्या.

"होते. म्हणूनच आले."

अकरा काचा बाद झाल्या. चिमणीची बदली रक्त तपासणीकडे झाली. जाताना तिने ताईंचा रिकामा डबा धुऊन टेबलावर ठेवला. ताईंनी मान वर केली नाही. केली असती तर रडू आलं असतं, आणि ते त्यांना तिच्यासमोर नको होतं.

उरलेल्या एकोणीस निरोगी काचांपुढे चिमणीच्या यादीत एकोणीस वेगवेगळी नावं लिहिलेली होती. मॅडम म्हणाल्या, "त्या राहू द्या, मोजून झाल्यात." ताईंनी पेटी तरीही लॅबमध्ये नेली. पहिली काच भिंगाखाली सरकवली, तीन किडे दिसले, त्यांच्याकडे लक्षही गेलं नाही. त्या रेषा पाहत होत्या, छिद्रं पाहत होत्या, दुसरी काच शेजारी लावून दोन्ही गाल एकाच माणसाचे तर नाहीत ना, ते पडताळत होत्या. दुपारी नव्या शिकाऊ मुलाने दार उघडून विचारलं, "ताई, किती झाले?"

"थांब," त्या म्हणाल्या, "अजून माणसं मोजतेय."