काकूंच्या नावाने गेलेला फोटो

फोटो स्टुडिओतल्या काकूंना सगळे काकूच म्हणायचे, मालकसुद्धा. चेहऱ्यावरचे डाग पुसायचे आणि मिटलेले डोळे उघडायचे, यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. कोणाचा फोटो कोणाला दाखवायचा नाही, हा त्यांचा हट्ट. त्यामुळे बायका त्यांच्यासमोर निर्धास्त बसत.

दुकानात कॉम्प्युटर एकच, तोही काकूंच्या खात्याचा. त्यांचा मेलही त्यातच उघडा असायचा. सकाळी शटर उघडणाऱ्या मालकाच्या मेहुण्याला पासवर्डचा भारी कंटाळा. एकदा त्याने सेटिंगमध्ये पासवर्ड विचारण्यापुढची बरोबरची खूण काढून टाकली आणि म्हणाला, "काकू, इथे तुमचा पासवर्ड एकदाच टाका. मग मशीन पुन्हा विचारणारच नाही."

"म्हणजे कोणीही चालू केलं, तरी माझंच खातं उघडणार?"

"कोणीही म्हणजे कोण? घरचेच तर आहोत!" मालक हसले.

काकूंना पटलं नव्हतं, पण रोजची कटकट नको म्हणून त्यांनी पासवर्ड टाकला. तेव्हापासून बटण दाबलं की थेट काकूंचं सगळं समोर. पासवर्ड होता तिथेच होता, फक्त दारावर कोणी विचारेनासं झालं.

आज एक शिक्षिका आली. गळ्यापासून छातीपर्यंत भाजलेली. डॉक्टरांना पाठवायचे म्हणून उपचाराचे फोटो तिने काकूंकडूनच काढून घेतले होते. तिने मोबाईल पुढे धरला. तिच्या शाळेतला कारकून त्यातला एक फोटो सगळ्यांना दाखवत फिरत होता, आणि त्याला तो मेलने आला होता काकूंच्या नावाने.

काकूंनी लगेच आपल्या खात्यातून गेलेले मेल उघडले. तिथे तो फोटो होता. खाली एक घाणेरडी ओळ होती आणि वेळ भल्या सकाळची. तेव्हा काकू घरी होत्या, आणि दुकानात फक्त मेहुणा.

"अरे, कारकून माझा दोस्त आहे," मागे उभा असलेला मेहुणा दात काढत म्हणाला. "गंमत केली जरा."

गंमत! काकूंना त्या तोंडाकडे बघवेना. ज्या खुर्चीत बसून त्या बायकांच्या चेहऱ्यांवर हलका हात फिरवायच्या, त्याच खुर्चीत बसून याने ही घाण केली होती. त्यांना त्या माऊसला हात लावायचीही किळस वाटली. तरीही लावला. ती खूण पुन्हा लावली, मेलचा आणि मशीनचा असे दोन्ही पासवर्ड बदलले.

"बाई, हे मी केलेलं नाही," त्या म्हणाल्या. "विश्वास ठेवा."

शिक्षिकेची नजर जरा निवळली. तेवढ्यात मालक गल्ल्यावरून म्हणाले, "झालं ते झालं, काकू. नवा पासवर्ड तेवढा याला सांगून ठेवा. सकाळी मशीन यालाच चालू करायचं असतं."

शिक्षिकेने एकदा मालकाकडे पाहिलं, एकदा काकूंकडे.

"तुम्ही इथेच काम करणार ना?" एवढंच विचारून ती उत्तराची वाट न बघता निघून गेली.